पंचवीस किलोचा फरक

अंधेरी एमआयडीसीतल्या प्लास्टिकच्या एका कारखान्यात आम्ही ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकाच डेटाबेसवर चालवणारी सिस्टिम, बसवत होतो. महिनाअखेरीला एचडीपीई या प्लास्टिकच्या दाण्याचा साठा जुळेना. अकाउंट्सच्या हिशेबात ५०० किलो, स्टोअरच्या रजिस्टरात ४७५.

मी स्टोअरमध्ये गेलो. "काका, पंचवीस किलो गेले कुठे?"

"जातील कुठे? आलेच नाहीत. एक गोणी फाटलेली होती, त्याच टेम्पोतून परत पाठवली."

त्यांनी मालासोबत आलेल्या चलनावर तसं लिहिलंही होतं, पण चलन खालच्या फाईलमध्येच राहिलं. परचेसच्या एक्सेलमध्ये ऑर्डर होती २० गोण्यांची, म्हणजे ५०० किलो, दर १२० रुपये. पुरवठादाराचं बिलही ५०० किलोचंच, १८ टक्के जीएसटी धरून ७०,८०० रुपये. अकाउंट्सने ते बिल बघून टॅलीत टाकलं आणि पैसे देऊन टाकले. माल एकच, पण त्याची नोंद तीन जणांनी तीन ठिकाणी केली. प्रत्येकाची नोंद आपापल्या कागदाशी जुळत होती, त्यामुळे ३,५४० रुपये जास्त गेले तरी कुणालाच चुकल्यासारखं वाटलं नाही. मला ही गोष्ट फार खटकते: नोंद पुन्हा टाइप करण्यात वेळ जातो तो जातोच, पण दुसऱ्याला काय माहीत आहे तेही मागेच राहून जातं.

तीच खरेदी आम्ही नव्या सिस्टिममध्ये पहिल्यापासून करून दाखवली. परचेसने ऑर्डर टाकली. माल, दर, कर एकदाच. काकांनी तीच ऑर्डर उघडून फक्त आकडे भरले: आले ५००, स्वीकारले ४७५, नाकारले २५. साठा त्याच क्षणी वाढला. अकाउंट्सने काकांच्या त्या नोंदीवरून बिल घेतलं. बिल नंबर, तारीख आणि रक्कम एवढंच टाइप करायचं होतं. बिल ५०० चं, स्वीकारलेला माल ४७५, म्हणून पेमेंट अडलं. ६७,२६० रुपये मंजूर झाले आणि उरलेली रक्कम पुरवठादाराच्या बिलातून वजा करणारी डेबिट नोट निघाली.

दुपारी मात्र एकाच डेटाबेसची दुसरी बाजू दिसली. पुढच्या मालाच्या वेळी काकांनी गोण्या मोजल्या आणि किलोच्या रकान्यात १९ टाकले. लगेच साठा, प्रॉडक्शनचं नियोजन, बिलाची जुळणी, सगळीकडे १९ किलोच दिसू लागले. प्रॉडक्शनवाल्यांचा पाच मिनिटांत फोन आला, "दाणा संपला का?" पूर्वी हीच चूक महिनाभर रजिस्टरात पडून राहिली असती.

नोंद आम्ही पुसली नाही. तेवढ्याच आकड्याची उलटी नोंद करून ती रद्द केली, म्हणजे मागचं सगळं दिसत राहतं. मग प्रत्येक मालाची मूळ माहिती जिथे असते त्या आयटम मास्टरमध्ये १ गोणी = २५ किलो हे रूपांतर भरलं आणि स्टोअरच्या स्क्रीनवर 'गोणी' हेच एकक ठेवलं. काका गोण्याच मोजतात, किलोचा हिशेब सिस्टिम करते.