भाडेकराराचं नववं कलम

बल्गेरियात प्लोवदिव्हला वैद्यकीय शिकणाऱ्या एका मुलीने राहती जागा सोडली आणि मालकाने डिपॉझिट अडवलं. कराराच्या नवव्या कलमाप्रमाणे तिने तीन महिने आधी कळवायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं. करार बल्गेरियनमध्ये. अनुवाद करून देणाऱ्या एजन्सीने तो आधी रशियनच्या एका मुरलेल्या अनुवादकाकडे दिला आणि मग तपासायला माझ्याकडे. लिपी तीच, म्हणजे भाषाही जवळपास तीच, अशी या मंडळींची पक्की समजूत आहे. कितीही सांगा, पुढचं बल्गेरियन काम पुन्हा रशियनवाल्याकडेच जातं.

सहकाऱ्याने लिहिलं होतं: ‘करार संपवायचा असल्यास भाडेकरू घरमालकाला तीन महिने आधी कळवील.’ म्हणजे मालकाचंच खरं.

मूळ वाक्याचा गाभा असा: ‘नाएमातेल्या उवेदोम्यावा नाएमोदातेल्यात’. नाएमातेल म्हणजे भाडेकरू, नाएमोदातेल म्हणजे घरमालक आणि मधलं क्रियापद कळवण्याचं. बल्गेरियन नामांना विभक्ती उरलेली नाही, हे सहकाऱ्याला ठाऊक होतं. रशियनमध्ये नामाचा शेवट बदलतो आणि त्यावरून कर्ता कोण, कर्म कोण ते कळतं, म्हणून शब्द कुठेही ठेवता येतात. बल्गेरियनमध्ये ते काम मुख्यतः शब्दक्रम आणि शब्दयोगी अव्ययं करतात. आपला ‘चा’ आणि ‘ला’ दोन्ही एकट्या ‘ना’वर भागवले जातात. तेव्हा पहिला शब्द कर्ता, असं त्याने धरलं. एरवी ते बहुतेक वेळा चालतंही.

पण या भाषेत निश्चितपणा दाखवणारं उपपद नामाच्या शेवटी चिकटतं. शेजारच्या रुमानियन आणि अल्बेनियनमध्येही तसंच आहे, रशियनमध्ये मात्र उपपदच नाही. ‘क्नीगा’ म्हणजे कुठलंही पुस्तक, ‘क्नीगाता’ म्हणजे ठरावीक, ते पुस्तक. आधी विशेषण आलं तर उपपद त्याला लागतं आणि नाम मोकळं राहतं. पुल्लिंगी एकवचनात या उपपदाची दोन रूपं आहेत, पूर्ण आणि आखूड. लेखनाचा नियम असा की कर्त्याला पूर्ण रूप, म्हणजे शेवटी ‘त’. कर्माला आणि शब्दयोगी अव्ययानंतर आखूड रूप, ‘त’ नाही. विभक्ती गेली, पण कर्ता-कर्माचा फरक कागदावर या एका अक्षरात उरला.

आता वाक्य पुन्हा पाहा. ‘नाएमातेल्या’ला ‘त’ नाही, ‘नाएमोदातेल्यात’ला आहे. म्हणजे ‘भाडेकरूला घरमालक कळवील’. तीन महिन्यांची अट मालकावर आहे. निव्वळ रशियन सवयीने वाचलं असतं तरी इथे बरोबर निघालं असतं, कारण रशियनमध्ये अशा नामाचा ‘या’ शेवट कर्माचाच असतो. पण तो योगायोग. त्याच सवयीने वाचलं तर करारभर येणारा ‘दोगोवोरा’ रशियन षष्ठीसारखा, ‘कराराचा’ असा वाटतो. इथे तो नुसता ‘तो करार’ आहे, आखूड उपपदातला.

खरी अडचण यापुढे आहे. हा ‘त’ बोलताना बहुतेक गळतो, त्यामुळे शिकलेली बल्गेरियन माणसंही लिहिताना चुकतात. मग एका अक्षरावर अर्थ कसा ठरवायचा? अशा वेळी मी आधी करार लिहिणाऱ्याचा हात तपासते. ‘ओत’ (कडून), ‘ना’, ‘स’ (सह) यांच्यानंतर पूर्ण रूप कधीच यायला नको, ही सगळ्यात स्वच्छ कसोटी. इथे एकदाही आलं नव्हतं. मग जिथे कर्त्याबद्दल शंकाच नाही अशी वाक्यं पाहिली. सगळीकडे ‘त’ होता, भाडं भरण्याच्या कलमात सोडून. तिथे ‘भाडेकरू भरतो’ म्हणताना तो गळला होता.

मी अर्थ उलटा केला आणि खाली टीप लिहिली: कर्ता उपपदाच्या पूर्ण रूपावरून ठरवला आहे, बल्गेरियन वकिलाला मूळ वाक्य दाखवावं. एजन्सीला टीप नको होती, ‘क्लायंट गोंधळतो’ म्हणून. टीप काढणार असाल तर अनुवादावर माझी सही नसेल, एवढंच मी कळवलं. टीप राहिली.

मुलीच्या वडिलांचा फोन आला. “मॅडम, करार लिहिणाऱ्याने एका ठिकाणी चूक केलीच आहे ना? मग नवव्या कलमातही चूकच असेल असं मालक म्हणेल.” प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितलं, ‘त’ गळणं ही बोलण्यातून येणारी चूक आहे, ती सहज होते. पण मालकाचं म्हणणं खरं असायचं तर एकाच वाक्यात भाडेकरूचा ‘त’ गळायला हवा आणि घरमालकाला नको तिथे जास्तीचा लागायला हवा. असा जास्तीचा ‘त’ उरलेल्या करारात कुठेही नव्हता. तरी मन पूर्ण निवांत नाही. मालकाच्या जागी मालकीण असती, तर स्त्रीलिंगी नामाला दोन्हीकडे एकच ‘ता’ लागतो. मग माझ्या हातात भाडेकरूचा न लागलेला ‘त’ तेवढा उरला असता, आणि तो तर करार लिहिणाऱ्याने भाड्याच्या कलमातही गाळला होता.