दुसऱ्या मात्रेचे वजन

"तुम्ही गिटारवर बोसा नोव्हा वाजवता तेव्हा अंग आपोआप डोलायला लागतं. सांबा तर चांगलाच वेगवान असतो, तरी त्यात धावपळ वाटत नाही. या ठेक्यात असं असतं तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांबाच्या सर्वांत मोठ्या ढोलापासून सुरुवात करतो. त्याला सुर्दो म्हणतात. सांबाचे आवर्तन फक्त दोन मात्रांचे असते आणि एकच सुर्दो वाजत असेल, तर वादक पहिल्या मात्रेवर कातडे हाताने दाबून आवाज बंद ठेवतो आणि दुसऱ्या मात्रेवर ढोल मोकळा वाजू देतो. म्हणजे आपण ज्या जागी समेचे वजन अपेक्षितो, तिथे केवळ एक दबका ठोका येतो आणि खर्जाचा भरदार, घुमणारा आघात त्याच्या पुढच्या मात्रेवर पडतो. हलके–जड, हलके–जड अशी ही ये-जा सतत चालू राहते. रॉक संगीतातही दुसऱ्या मात्रेवर जोर असतो. मात्र तो कडक, टणक आवाजाच्या ढोलावर असल्यामुळे टाळीसारखा लागतो. सुर्दोचा नाद खाली आणि लांब असतो, त्यामुळे वजन कानांपेक्षा कमरेत अधिक जाणवते. नवे आवर्तन जोराने सुरू न होता त्या घुमण्याच्या शेपटातून हलकेच वर येते. माझ्या मते डोलण्याचे पहिले कारण हेच आहे.

हा ठेका चालण्यातून घडला, हे इथे लक्षात घ्यावे. रिओ द जानेरोतील एस्तासियो वस्तीत १९२०च्या दशकाच्या अखेरीस जो नवा सांबा तयार झाला, त्याच्या शिलेदारांपैकी इझमाएल सिल्वा यांनी पुढे सांगितले होते, की जुन्या धाटणीच्या सांब्यावर रस्त्यातून मिरवणुकीने पुढे सरकणे जमत नव्हते, म्हणून लय बदलावी लागली. १९२८ साली याच वस्तीत 'देइशा फालार' ही सांबा मंडळी उभी राहिली. पाऊल टाकत गाता यावे म्हणून घडवलेल्या लयीत पावलाचा झोका असणारच.

या दोन मात्रांच्या वर बारीक पाव मात्रांचा अखंड प्रवाह वाहत असतो. पांडेइरो हे खंजिरीच्या जातीचे वाद्य वाजवणारा अंगठा, बोटांची टोके आणि तळहाताची टाच आलटूनपालटून वापरतो, त्यामुळे मात्रेचे चारही तुकडे वेगवेगळ्या वजनाचे निघतात. त्यांची लांबीही सारखी नसते. ध्वनिमुद्रणे मोजून पाहणाऱ्या अभ्यासकांना असे आढळले आहे, की तिसरा आणि चौथा तुकडा गणिती जागेच्या किंचित आधी येतो. साहजिकच चौथ्या तुकड्यानंतर पुढच्या मात्रेपर्यंत थोडी जास्त जागा उरते. झोपाळा टोकाला पोहोचून उलट फिरण्यापूर्वी क्षणभर थांबल्यासारखा भासतो, तसा हा अवकाश आहे. म्हणूनच वेग कितीही वाढला तरी सांबा घाईत वाटत नाही. संगणकावर हेच तुकडे काटेकोर समान बसवले, तर प्रत्येक आघात बरोबर असूनही ठेका कोरडा आणि कवायतीसारखा ऐकू येतो.

बोसा नोव्हाने यातले फारसे काही टाकले नाही; त्याने हे सारे एका गिटारवर आणून आवाज खाली घेतला. बाहिया प्रांतातून रिओला आलेल्या जुआंव जिल्बेर्तो यांचे १९५८चे ध्वनिमुद्रण या वादनशैलीचा आरंभबिंदू मानतात. त्यांचा उजवा अंगठा सुर्दोचे काम करीत मात्रेमात्रेवर खर्ज धरून ठेवतो, आणि उरलेली तीन बोटे स्वरसंगतीच्या तारा एकदम छेडतात, तीही तांबोरिम या छोट्या चपट्या ढोलाच्या तुटक आघातांप्रमाणे, मात्रांच्या मधल्या जागांवर.

या मधल्या जागा म्हणजे नेमके काय, ते हाताने करून पाहिल्याशिवाय कळत नाही. बोसा नोव्हात ड्रमच्या कडेवर वाजणारा एक प्रसिद्ध आकृतिबंध घ्या. दोन आवर्तनांच्या मिळून सोळा पाव मात्रा होतात. एक ते सोळा संथ मोजा, पायाने १, ५, ९ आणि १३ या मात्रांवर ठोका धरा आणि टाळी १, ४, ७, ११ व १४ या अंकांवर द्या. पहिली टाळी पायाबरोबर पडते, आणि त्यानंतर एकही पडत नाही. चौथ्या अंकावरची टाळी पायाच्या पाव मात्रा आधी येते, सातव्या आणि अकराव्यावरच्या टाळ्या दोन ठोक्यांच्या अगदी मधोमध बसतात, आणि नवव्या अंकावर, जिथे दुसरे आवर्तन सुरू होते, तिथे हात स्वस्थ असतो. आवर्तनाचा उंबरठा असा आवाज न करता ओलांडला जातो.

शेवटच्या टाळीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. क्यूबातील सोन संगीताच्या क्लाव्हे नावाच्या आकृतिबंधात टाळ्या १, ४, ७, ११ आणि १३ वर येतात. पहिल्या चार जागा तंतोतंत त्याच. फरक केवळ पाचव्या टाळीचा आहे. तेराव्या अंकावर टाळी पायाशी जुळते आणि वाक्य पूर्णविराम देऊन संपते. ती एक पाव मात्रा पुढे सरकवली, की तो पूर्णविराम निघून जातो. पाय पडून गेल्यावर हात येतो आणि ओळ उघडीच राहून पुढच्या आवर्तनात वाहत जाते. निवांतपणाचे गमक मला तिथे दिसते, कारण कुठेही काही ठामपणे संपवले जात नाही. अर्थात, ब्राझीलचे वादक हा आकृतिबंध क्यूबातल्या क्लाव्हेइतका कडक पाळत नाहीत. स्वतः जिल्बेर्तो एका गाण्यात बोटांच्या जागा सतत बदलत राहतात, आणि पुष्कळदा पुढच्या आवर्तनाची स्वरसंगती पाव मात्रा आधीच वाजवून टाकतात. त्यांचे गाणेही गिटारला बांधलेले नसते. कंप न देता, बोलल्यासारख्या आवाजात ते ओळ कधी थोडी आधी उचलतात, कधी मागे रेंगाळू देतात. खाली अंगठा ढळत नाही, म्हणूनच वर एवढी मोकळीक परवडते.

मी शिकत असताना अनेक महिने नेमके इथेच चुकत होतो. बोटे मात्रेच्या आधी पडली, की अंगठाही त्यांच्यामागे ओढला जाई. हात सुटावा म्हणून मी वेग कमी केला, तर वादन निवांत होण्याऐवजी लंगडे होई. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांचेही बहुधा हेच होते. ते ओळखण्यासाठी मी एकच तपासणी करतो: विद्यार्थ्याला बोटे तारांवर नुसती टेकवून, आवाज न काढता, तीच हालचाल चालू ठेवायला सांगतो आणि फक्त अंगठ्याचा खर्ज ऐकतो. तो घड्याळासारखा एकसारखा चालला, तर ठीक. बोटांच्या प्रत्येक हालचालीबरोबर तो जरा दचकत असेल, तर त्या दिवशी स्वरसंगती बाजूला ठेवून आम्ही दुसऱ्या मात्रेवर किंचित वजन देत नुसता अंगठाच वाजवतो.