एका माणसाचे दोन पाय

आमच्या ग्रामीण रुग्णालयात कापूस वेचणीच्या दिवसांत काटा रुतलेले पाय नेहमीच येतात. परंतु त्या दिवशी आलेल्या पन्नाशीच्या शेतकऱ्याने शोथाचे, म्हणजे इजेला शरीर देत असलेल्या दाहक प्रतिसादाचे, तीव्र आणि दीर्घकालीन असे दोन्ही प्रकार एकाच देहावर आणले होते. उजव्या टाचेत दोन दिवसांपूर्वी बाभळीचा काटा रुतला होता. "डॉक्टरसाहेब, लय ठणकते, पाय टेकवल्या जात नाही," असे ते म्हणाले. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात नोंदवलेली चारही लक्षणे तिथे होती आणि पाय टेकवता न येणे हे कार्यहानीचे पाचवे.

डाव्या तळव्यात मात्र सुपारीएवढी कडक गाठ होती. ती आठ महिन्यांपासून होती, तिला लाली नव्हती की ऊब नव्हती आणि दाबल्यावर जेमतेम दुखत होती.

टाचेतून निघालेल्या पुवाचा लेप मी लीशमन रंग देऊन पाहिला. सगळीकडे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर सर्वांत आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी होत्या, त्यांतील बऱ्याचशा मोडलेल्या. इजेच्या जागी सुटणाऱ्या हिस्टामिन या रसायनामुळे धमनिका रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब येते. सूक्ष्म शिरांच्या अस्तरपेशी आक्रसून त्यांच्यात फटी पडतात, त्यांतून प्रथिनयुक्त द्रव झिरपतो आणि सूज येते. द्रव गेल्याने रक्त दाट व संथ होते. मग न्यूट्रोफिल कडेला येतात, सिलेक्टिन या प्रथिनांच्या आधाराने भिंतीवरून घरंगळतात, इंटिग्रिन या प्रथिनांनी घट्ट चिकटतात आणि फटीतून बाहेर पडून जंतूंच्या दिशेने सरकतात. ही रांग पहिल्या 6 ते 24 तासांत लागते. पुढच्या दिवसापासून मोनोसाइट या पांढऱ्या पेशी येऊ लागतात आणि ऊतींत शिरून त्यांचे मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, होतात.

डावी गाठ सर्जननी काढली आणि पाचव्या दिवशी तिची काचपट्टी माझ्यासमोर आली. न्यूट्रोफिल जवळपास नव्हतेच. होते ते मॅक्रोफेज, लिंफोसाइट, थोड्या प्लाझ्मा पेशी, नव्या केशवाहिन्या आणि भोवती तंतुमय ऊतींचे कडे. अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी दिसताच, खरे सांगायचे तर, मनात पहिला शब्द क्षयरोग आला, कारण आमच्याकडे तो आजार विरळा नाही. परंतु चीजसारखा ऊतिनाश कुठेही नव्हता आणि केंद्रके कडेला नालेच्या आकारात नसून पेशीभर विखुरलेली होती. हा भेद पूर्णपणे विश्वासाचा नसल्याने क्षयजंतू आणि बुरशी यांसाठी वेगळे रंग दिले. दोन्ही नकारार्थी आले. ध्रुवित प्रकाशात एका महाकाय पेशीत वनस्पतीची पेशीभित्तिका पांढरी चमकली. न्यूट्रोफिलांना जे पचले नाही, त्याला मॅक्रोफेजांनी एकत्र येऊन वेढून ठेवले होते.

विद्यार्थी तीव्र आणि दीर्घकालीन हा फरक दिवस मोजून लिहितात, तेवढे पुरेसे नाही. हाडाच्या जुनाट जंतुसंसर्गात महिनोन्‌महिने न्यूट्रोफिल सापडतात; तेव्हा कालावधीइतकेच पेशींकडे आणि तंतुमयतेकडे पाहावे लागते.

ते शेतकरी टाके काढायला आले तेव्हा मी त्यांना काचपट्टीतला तुकडा दाखवला. "म्या तर तवाच चिमट्यानं काढला होता," असे म्हणून ते क्षणभर थांबले, "टोक मोडलं होतं खरं."