डेटा अ‍ॅनालिस्टचा रेझ्युमे वाचताना: पोर्टलची चाळणी आणि ऊसबिलाची एक ओळ

वाळूज एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागाचे काम पाहतो. आमच्याकडे डेटा अ‍ॅनालिस्टची एक जागा भरायची होती. जागा मंजूर होणे, पगाराची मर्यादा ठरणे, मुलाखती, रुजू होण्याची तारीख हे सगळे फारशी खळखळ न होता पार पडले. परंतु ज्या पोर्टलवरून आम्ही अर्ज मागवले, त्याच्या कौशल्यांच्या रकान्याने जो मनस्ताप दिला, तो अजून गेलेला नाही. त्या रकान्यात किमान दहा कौशल्ये भरल्याशिवाय जाहिरात पुढे सरकत नसे. आमच्या एचआर विभागातील मॅडमनी कुठल्यातरी जुन्या जाहिरातीतून एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय यांच्या जोडीला मशीन लर्निंग, बिग डेटा वगैरे उचलून ती संख्या पूर्ण केली आणि मी विचारल्यावर म्हणाल्या, "सर, रकाना रिकामा ठेवताच येत नाही, मी तरी काय करू?"

त्याचा परिणाम असा झाला की चाळणीतून वर आलेले रेझ्युमे एकमेकांच्या नकला वाटावेत इतके सारखे होते. प्रत्येकात दहाही शब्द होते, आणि प्रकल्पांच्या खाली टायटॅनिकच्या प्रवाशांपैकी कोण वाचले याचा अंदाज किंवा आयरिस फुलांचे वर्गीकरण होते. शिकण्यासाठी हे संच उत्तम आहेत, परंतु आयरिसच्या संचात अवघ्या 150 ओळी असतात, त्या एकाच तक्त्यात नीट मांडून मिळतात आणि त्यासाठी एसक्यूएलची एकही ओळ लिहावी लागत नाही. एसक्यूएल येते असे लिहिणाऱ्याने दोन तक्ते कधी जोडले आहेत का, हे अशा रेझ्युमेवरून कळणे शक्यच नव्हते.

शेवटी मी जाहिरात बाजूला ठेवली आणि रुजू होणाऱ्या माणसाला पहिल्या महिन्यात काय करावे लागेल, ते साध्या वाक्यांत लिहून काढले. आमच्या ईआरपीमागील डेटाबेसमधून पार्ट नंबरनुसार रिजेक्शनची टक्केवारी काढणे हे मुख्य काम होते. पुरवठादारांकडून वेगवेगळ्या मांडणीत येणाऱ्या एक्सेल फायली रोज एकत्र करणे हे दुसरे, आणि सकाळच्या बैठकीत दिसेल असा एकच डॅशबोर्ड चालू ठेवणे हे तिसरे. मशीन लर्निंगची गरज यात कुठेच नव्हती. हा कागद जाहिरात देण्यापूर्वीच लिहावा, कारण रेझ्युमेतील प्रत्येक ओळ जाहिरातीशी नव्हे तर या वाक्यांशी ताडून पाहायची असते.

यातील पहिले काम वरवर सोपे दिसते, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. आमच्याकडे उत्पादनाच्या तक्त्यात प्रत्येक पार्टची प्रत्येक शिफ्टला एक ओळ असते, तर रिजेक्शनच्या तक्त्यात प्रत्येक कारणाला स्वतंत्र ओळ असते आणि काहीच बाद झाले नसेल तर ओळच नसते. ज्याने पाठ्यपुस्तकापुरतेच एसक्यूएल केले आहे, तो साधारणपणे असे लिहितो:

```sql
SELECT p.part_no,
       SUM(r.rej_qty) * 100.0 / SUM(p.prod_qty) AS rej_pct
FROM production p
JOIN rejection r
  ON r.part_no = p.part_no
 AND r.shift_date = p.shift_date
 AND r.shift = p.shift
GROUP BY p.part_no;
```

समजा, एका शिफ्टला 500 नग निघाले आणि भेगा, माप चुकणे व ओरखडे या तीन कारणांनी अनुक्रमे 10, 6 आणि 4 नग बाद झाले. खरी टक्केवारी 4 आहे. परंतु वरच्या जोडणीत उत्पादनाची एकच ओळ तीन कारणांसमोर तीनदा येते, उत्पादनाची बेरीज 1500 होते आणि उत्तर 1.33 टक्के येते. क्वेरी कुठेही अडत नाही, लाल अक्षरांत काही सूचना येत नाही, आणि रिजेक्शन कमी दिसल्यामुळे बैठकीतही कोणी शंका काढत नाही.

यात आणखी एक खोच आहे. त्याच दिवशीच्या उरलेल्या दोन शिफ्टना प्रत्येकी 500 नग निघाले आणि एकही बाद झाला नाही, असे धरले तर दिवसाची खरी टक्केवारी 1500 पैकी 20, म्हणजे 1.33 होते. साध्या `JOIN`मुळे या दोन निर्दोष शिफ्ट क्वेरीतून गळून पडतात, पहिली शिफ्ट तिप्पट मोजली जाते, आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे उत्तर तंतोतंत बरोबर येते. म्हणून मुलाखतीत हा प्रश्न विचारायचा असेल तर आकडे निवडताना जपावे. योग्य रीत अशी की रिजेक्शनची आधी पार्ट, तारीख आणि शिफ्टनुसार बेरीज करून एकेक ओळ करावी आणि मग ती `LEFT JOIN`ने उत्पादनाला जोडावी. उमेदवाराने हेच लिहावे असा माझा आग्रह नसतो; त्याने "या तक्त्यात एक ओळ म्हणजे नेमके काय?" असे आधी विचारले, तरी मला पुरेसे असते.

पोर्टलने नाकारलेले अर्जही मला दाखवा, असा हट्ट मी धरला तो यानंतर. त्यांत लातूरकडच्या एका साखर कारखान्यात एमआयएसचे काम करणाऱ्या मुलीचा रेझ्युमे होता. पॉवर बीआय हा शब्द नसल्यामुळे तो बाद झाला होता. त्यातली एक ओळ अशी होती: ऊसबिलाच्या अहवालात कपातींच्या नोंदींमुळे टनेज जास्त दिसत होते, वजनकाट्याच्या पावतीनिहाय कपातींची आधी बेरीज करून अहवाल दुरुस्त केला. एका पावतीवर अनेक कपाती, तशीच आमच्याकडे एका शिफ्टवर अनेक कारणे. दहा कौशल्यांच्या यादीतून जे कळत नव्हते ते या ओळीने सांगितले, कारण तिच्यात काय बिघडले होते, ते कशामुळे आणि कसे सुधारले, हे तिन्ही होते.

पायथनच्या बाबतीत मी लायब्ररींची नावे मोजत नाही. फायली कुठून येत होत्या, शीर्षकाच्या ओळी एकत्र केलेल्या असताना किंवा तारीख मजकुराच्या रूपात आलेली असताना काय केले, असे काही लिहिलेले आहे का ते पाहतो. तिने पायथन थोडेच वापरले होते, पण पावत्यांच्या फायली एकत्र करणारी छोटी स्क्रिप्ट रोज चालत होती, आणि आमचे दुसरे काम तेवढ्याच उंचीचे होते.

डॅशबोर्डसाठी एकच गोष्ट शोधावी: तो कोण पाहत होते आणि त्यातील माहिती ताजी कशी होत होती. कारखान्यातल्या सर्व्हरवरील माहिती पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत आपोआप ताजी व्हायची असेल तर मध्ये गेटवे बसवावा लागतो, आणि प्रो परवान्यात दिवसाला 8 वेळाच नियोजित रिफ्रेश ठेवता येतो. ज्याने असा डॅशबोर्ड खरोखर चालवला आहे तो याबद्दल न विचारता बोलतो. ज्याने एक्सेलची फाइल एकदा उचलून रंगीत तक्ते केले आहेत त्याला गेटवे हा शब्दच नवा असतो. तिलाही तो नवा होता, परंतु ती एक्सेलच्या पॉवर क्वेरीमध्ये काम करत होती. तेच साधन पॉवर बीआयमध्येही असल्याने ही उणीव भरून निघण्यासारखी होती. ओळी तिप्पट होतात हे वेळीच न दिसणे मात्र आम्हाला परवडणारे नव्हते. आम्ही तिलाच घेतले.

पोर्टलचा रकाना अजूनही दहा कौशल्ये मागतो. आता त्यात आम्ही "तक्त्यांची जोडणी", "दुहेरी मोजणी ओळखणे", "एक्सेल फायलींची सफाई" असे काहीबाही लिहून संख्या भरतो, चाळणी बंद ठेवण्याची लेखी विनंती दर वेळी करतो, आणि ती मान्य झाल्याचा मेल येईपर्यंत जाहिरात सोडत नाही.