गोळी कधी सुटणार?

‘अर्धा तास झाला, अजून एक गोळी नाही सुटली!’ असं म्हणत मित्राने आज रिमोट बाजूला टाकला. समोर कुणा थोर दिग्दर्शकाचा धुक्यातला सिनेमा.

अरे, पण थ्रिलरवाल्याला थेट धुक्यात कशाला सोडायचं? त्याला ‘पुढे काय’ची चटक आहे. ती तशीच ठेवायची, फक्त बंदूक काढून घ्यायची.

उदाहरणार्थ अस्गर फरहादींचा इराणी ‘अ सेपरेशन’ (२०११). नादेर घरकामाच्या बाईला दाराबाहेर ढकलतो आणि दार लागतं. ती जिन्यात पडली म्हणे, पण ते पडणं आपल्याला दिसत नाही. ती गरोदर आहे हे त्याला माहीत होतं का, यावर पुढे सगळी केस उभी राहते. पुरावे घरातल्या साध्यासुध्या बोलण्यात लपलेले, त्यामुळे आपणच पोलीस होतो. सबटायटल्स आहेत, तेव्हा मोबाईल दुसऱ्या खोलीत. एक वाक्य हुकलं की धागा सुटतो आणि मग सिनेमा ‘स्लो’ वाटू लागतो.

हा पचला की चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४). तिथे कॅमेरा बहुतेक वेळा हलतच नाही, म्हणून तो दुसरा.

तुम्ही अशा माणसाला पहिला कोणता दाखवाल?