ऑगस्टमधलं काँक्रीट

उघड्या काँक्रीटच्या इमारतींचे देखणे फोटो बहुधा हिवाळ्यातले असतात. शिव्या मात्र ऑगस्टमध्ये पडतात. कोरड्या उन्हात खोल सज्ज्याची सावली धारदार पडते, भिंतीवर शटरिंगच्या फळ्यांचे ठसे उठून दिसतात आणि आर्किटेक्चरची पोरं हरखून जातात. मुंबईच्या पावसात तीच भिंत काळवंडते. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल, किंवा ती सिमेंटने बुजली असेल, तर पाणी तिथून टपकत नाही. ते भिंतीवरून ओघळतं आणि त्या ओघळांवर शेवाळ धरतं. इतर सोसायट्या रंग लावून मोकळ्या होतात. इथे झाकायला काही ठेवलेलंच नाही.

खरा घात आत होतो. ताजं काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं की त्यातली सळई गंजत नाही. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू मुरत हा गुण मारतो आणि समुद्राकाठी खाऱ्या वाऱ्यातली क्लोराइडंही आत शिरतात. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट फुगतं, सळईच्या रेषेत चिरतं आणि त्याचे टवके पडतात. समुद्रकाठच्या काँक्रीटसाठी भारतीय मानक सळईवर 45 मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगतं. ते कुठे कमी पडलंय हे हातोडीने ठोकून पाहिलं की पोकळ आवाजावरून कळू लागतं, पण तोवर उशीर झालेला असतो. तेव्हा खाली उभं राहून वर पाहणाऱ्याची नावड ही निव्वळ अरसिकता नव्हे.

अशा इमारतीवर लिहिताना ‘राक्षसी’ आणि ‘भव्य’ हे दोन्ही शब्द सारखेच निरुपयोगी. मुंबईतल्या कंबाला हिलवरची, 1983 साली पूर्ण झालेली वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची कांचनजंगा ही इमारत घ्या. तिला रंग दिलेला आहे, त्यामुळे कडवे लोक तिला ब्रुटॅलिस्ट, म्हणजे उघड्या काँक्रीटच्या शैलीतली, म्हणणार नाहीत, पण वर्णनाच्या सरावाला ती उत्तम. आधी आकार: 21 मीटर बाजूचा चौरस, उंची 84 मीटर, कोपरे जागोजागी दोन-दोन मजले उंच कापून काढलेले. मग कापले का, ते. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांत खोल्यांभोवती व्हरांडा असायचा. इथे ते काम कोपऱ्यातल्या बागेच्या गच्च्या करतात. ऊन-पाऊस गच्चीवर अडतो, वारा खोलीत जातो. असं लिहिलं की वाचकाला भोकं दिसतात आणि त्यांचं काम कळतं.

मात्र एक ओळ आणखी हवी. या 28 मजल्यांत घरं फक्त 32 आहेत. इतकी जागा मोकळी सोडणं ती घरं घेणाऱ्यांनाच परवडलं. सरकारी वसाहतीतल्या माणसाच्या वाट्याला तेच काँक्रीट गच्चीशिवाय आलं.