तुम्ही विचारलंत म्हणून: जागा संपलेला फोन

«कॅशे पुसला तरी दोन दिवसांत 'जागा संपली' असा इशारा परत येतो. मग पुसायचं तरी काय?»

कॅशे पुन्हा भरतोच, कारण ॲप पटकन उघडावे म्हणून ते स्वतःच तो साठवत असते. तो पुसल्याने अडकलेले एखादे अपडेट मार्गी लागते, इतकाच त्याचा उपयोग. अपडेटला त्याच्या आकारापेक्षा जास्त जागा लागते, कारण नवी आवृत्ती नीट बसेपर्यंत जुनीही फोनमध्येच असते. मात्र Clear cache च्या शेजारचे Clear storage चुकून दाबू नये. व्हॉट्सॲपच्या बाबतीत ते दाबले की फोनवरचे संवाद जातात आणि मग बॅकअप असेल तेवढेच परत मिळते.

माझे मामा निफाडला द्राक्षबाग करतात. छाटणीनंतर त्यांच्या चौसष्ट जीबीच्या फोनवर फोटो उतरेनासे झाले. सगळ्या ॲपचा कॅशे मिळून जेमतेम एक जीबी होता, आणि एकट्या व्हॉट्सॲपच्या पुढील फोल्डरने एकवीस जीबी अडवले होते, त्यातले बहुतेक गटांवर फिरणारे व्हिडिओ.

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

फोन केबलने संगणकाला जोडून फोनवर File transfer निवडले आणि हा फोल्डर 'कट' न करता 'कॉपी' केला, कारण हलवताना मध्येच केबल निसटली, तर कोणती फाइल कुठे राहिली हे शोधत बसावे लागते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहिला, मोठे व्हिडिओ संगणकावर उघडून शेवटपर्यंत चालतात का तेही पाहिले, आणि मगच फोनवरचे पुसायला घेतले. पुसण्यासाठी व्हॉट्सॲपमधलेच Manage storage मला सोयीचे वाटते. कोणत्या गटाने किती जागा खाल्ली ते तिथे दिसते आणि मोठ्या फाइली आधी येतात. एक गोष्ट मामांना आधीच सांगितली होती: पुसलेला व्हिडिओ संवादात पुसट चौकट होऊन राहतो आणि तिथून बहुधा पुन्हा उतरत नाही, तो संगणकावरच पाहावा लागतो.

गॅलरीतून किंवा फाइल ॲपमधून पुसले, तर बहुतेक फोनवर फाइली काही दिवस कचरापेटीत पडून राहतात आणि जागा लगेच सुटत नाही. ती पेटी वेगळी रिकामी करावी लागते. गूगल फोटोजमध्ये मात्र जपून वागावे. बॅकअप झालेला फोटो तिथे साध्या पद्धतीने पुसला, तर तो क्लाउडवरूनही जातो. केवळ फोनवरची प्रत काढायची असेल, तर Free up space हा पर्याय आहे.

मामांच्या फोनवर व्हिडिओ आपोआप उतरणे आता बंद आहे. फोटो सुरू ठेवले, कारण पानावरचा करप्याचा डाग उशिरा पाहणे त्यांना परवडत नाही.